तुकोबांचे शब्द मोकळे, पण चाल कोणाची?

«नमस्कार. पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळाचं यूट्यूब चॅनल मी सांभाळतो. पौष वारीला त्र्यंबकेश्वरी गायलेल्या तीन अभंगांचा २६ मिनिटांचा व्हिडिओ टाकला, तर दुसऱ्या अभंगावर, ९:१० ते १६:४० या भागावर, एका कॅसेट कंपनीचा क्लेम आला. ‘आम्ही स्वतः गायलंय, पैसे कमवत नाही’ असं लिहून डिस्प्यूट केला, तो फेटाळला. मग अपील केलं, तर व्हिडिओच काढला आणि स्ट्राइक बसला. अभंग तुकोबांचा, चाल आम्ही लहानपणापासून गातोय. मधले पीस मात्र आमच्या पेटीवाल्यांनी कॅसेट ऐकून बसवलेत. व्हिडिओ डिलीट करून पुन्हा टाकू का? काउंटर नोटिफिकेशनच्या फॉर्मवर अमेरिकेतल्या कोर्टाचं वाचलं आणि हात थांबला. काय करावं?
— मंडळाचा चॅनलवाला, नाशिक»

नमस्कार.

आधी तातडीचं. काढलेला व्हिडिओ डिलीट करू नका आणि तोच व्हिडिओ नव्या नावाने पुन्हा टाकू नका. डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही, उलट दाद मागायची वाट अवघड होते. पुन्हा टाकलात तर दुसरा स्ट्राइक बसायला वेळ लागत नाही, आणि ९० दिवसांच्या आत तीन स्ट्राइक झाले की अख्खं चॅनल जाऊ शकतं, जुन्या सगळ्या भजनांसकट. आणखी एक गोष्ट आजच करा. मोबाइलमध्ये किंवा हार्डडिस्कवर या व्हिडिओची मूळ फाइल आहे ना ते पाहा आणि तिची एक प्रत वेगळी ठेवा. स्ट्राइक लागलेला व्हिडिओ यूट्यूबवरून डाउनलोड करता येत नाही, आणि पुढचं सगळं त्या मूळ फाइलवर अवलंबून आहे.

आता तुमच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते पाहू. क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला आला तो कंटेंट आयडीचा क्लेम. कंपन्या आपली गाणी यूट्यूबकडे नमुना म्हणून देऊन ठेवतात आणि प्रत्येक नवा व्हिडिओ यंत्र त्या नमुन्यांशी ताडून पाहतं. नुसतं तेच ध्वनिमुद्रण असेल तरच ते पकडतं असं नाही. दुसऱ्या कोणी गायलेली तीच चालही त्याला ओळखू येते. म्हणून ‘आम्ही स्वतः गायलंय’ हे खरं असूनही क्लेम आला. अशा क्लेमने चॅनलला धक्का लागत नाही. फार तर जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात किंवा तो एक व्हिडिओ बंद होतो.

क्लेमवर डिस्प्यूट केला की कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. तिने तो फेटाळला की तुम्हाला अपील करता येतं आणि त्यावर कंपनीला ७ दिवस मिळतात. इथे मात्र पायरी बदलते. अपील मान्य नसेल तर कंपनीपुढे व्हिडिओ काढण्याची कायदेशीर मागणी करण्याचा मार्ग असतो, आणि ती मागणी मान्य झाली की स्ट्राइक बसतो. अशी मागणी कंपनी डिस्प्यूटच्या वेळीही करू शकली असती, पण तुमच्या बाबतीत ती अपिलानंतर आली. कंपनी कधी कधी लगेच न काढता ७ दिवसांनंतरची तारीख देते. त्या मुदतीत अपील मागे घेतलं तर स्ट्राइक टळतो. तसा मेल आला होता का ते स्पॅममध्ये शोधून बघा. आता त्याचा उपयोग नाही, पण पुढच्या वेळी तो मेल कोणत्या पत्त्यावरून आणि कसा येतो हे ओळखीचं होईल.

डिस्प्यूटमध्ये तुम्ही दिलेली दोन्ही कारणं लंगडी होती. पैसे न कमावणं हा बचाव नाही. गाणं फुकट वाटलं तरी हक्क ज्याचा त्याचाच राहतो. ‘आम्ही गायलंय’ हे उत्तर गळ्यापुरतं आहे, चालीबद्दल ते काहीच सांगत नाही. कंपनीचं म्हणणं मात्र चालीबद्दल असू शकतं.

गाण्यात कायद्याच्या नजरेने तीन वेगळ्या वस्तू असतात आणि तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. पहिली म्हणजे शब्द. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत शब्दांवर हक्क असतो. तुकोबांचं वैकुंठगमन १६५० सालचं. तिथे कोणाचाच हक्क नाही, कोणतीही कंपनी तो सांगू शकत नाही. दुसरी वस्तू म्हणजे चाल. तिलाही तोच नियम लागतो, पण वर्षं मोजायची ती चाल बांधणाऱ्याच्या मृत्यूपासून. कोणा संगीतकाराने १९७५ साली तुकोबांच्या अभंगाला नवी चाल लावली असेल आणि ते १९९५ साली वारले असतील, तर शब्द साडेतीनशे वर्षांपूर्वीचे असूनही ती चाल २०५५ सालच्या अखेरपर्यंत हक्काखाली राहील. तिसरी वस्तू ध्वनिमुद्रण. त्याची ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात, म्हणून १९६० साली निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१ पासून मोकळी झाली. तुमच्या व्हिडिओतलं ध्वनिमुद्रण मात्र मंडळाचंच आहे. तिथे कंपनीचा संबंध येत नाही.

अपवाद एकच. ९:१० ते १६:४० या भागात मागे कुठेतरी कंपनीचं मूळ गाणं वाजत असेल तर गोष्ट बदलते. यात्रेत शेजारच्या प्रसादाच्या दुकानातला स्पीकर माइकमध्ये सहज शिरतो. म्हणून मूळ फाइलचा तेवढा भाग हेडफोन लावून दोनदा ऐका. एकदा फक्त गाणं ऐका, दुसऱ्यांदा पखवाज आणि टाळ विसरून मागचा गोंगाट ऐका.

तसं काही सापडलं नाही तर प्रश्न चालीवर येऊन थांबतो. ‘लहानपणापासून गातोय’ हे मनाला पटतं, पण पुरावा म्हणून ते अपुरं आहे. १९८० साली निघालेली कॅसेट ऐकूनही माणूस लहानपणापासून गात असू शकतो. चाल त्या कॅसेटच्या आधीची आहे हे दाखवायला हवं. सगळ्यात सोपी जागा म्हणजे खुद्द त्या कॅसेटचं कागदी वेष्टन. पेटीवाल्यांकडे ती अजून असेल तर आतली घडी उलगडून बघा. तिथे ‘संगीत: पारंपरिक’ असं छापलेलं असेल तर कंपनीनेच तुमचं काम केलं. संगीतकाराचं नाव असेल तर सावध व्हा, पण तेवढ्याने हरलो असंही मानू नका. पारंपरिक चालीवर नवं संयोजन करणाऱ्याचंही नाव ‘संगीत’ म्हणून छापलं जातं. मग त्र्यंबकच्या किंवा आळंदीच्या फडावरचे जुने गायक, कॅसेटच्या आधी छापलेली स्वरलिपीची पुस्तकं, दुसऱ्या गायकाचं आधीचं ध्वनिमुद्रण, यातून तीच चाल सापडते का ते शोधावं लागतं.

पण तुमच्या पत्रातला कळीचा मजकूर वेगळाच आहे, आणि तो तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलात हे बरं झालं. मधले पीस कॅसेटवरून बसवले आहेत. चाल उद्या शंभर टक्के पारंपरिक निघाली तरी अभंगाच्या दोन चरणांमध्ये पेटीवर वाजणारे ते पीस पारंपरिक नाहीत. ते कोणीतरी त्या कॅसेटसाठी रचले, आणि ती त्याची स्वतंत्र रचना आहे. तुमच्या पेटीवाल्यांनी ते सुरासुरासकट उचलले असतील तर तेवढ्या भागावर कंपनीचं म्हणणं खोटं ठरवता येणार नाही. साडेसात मिनिटांच्या अभंगात असे पीस मिळून एखादा मिनिट भरत असतील. पण यंत्राला जुळणी सापडायला तेवढं पुष्कळ होतं, आणि कंपनीच्या माणसाने कान लावून ऐकलं असेल तर त्यालाही तेच ओळखीचं वाटलं असणार.

इथे बरेच जण धार्मिक कार्यक्रमाच्या सवलतीचा आधार घेतात. कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद आहे खरी. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात कोणतंही गाणं गायलं किंवा वाजवलं तर तो हक्कभंग नाही, आणि लग्नाची वरातही त्यात येते. त्यामुळे निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे तुम्ही ते पीस वाजवलेत त्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही. पण ती सवलत समारंभ चालू असतानाच्या गायनाला आहे. घरी येऊन त्याचं चित्रीकरण इंटरनेटवर कायमचं ठेवणं ही वेगळी कृती आहे, आणि तिच्यावर ही सवलत पुरेल असं गृहीत धरून शपथेवर सही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

शपथ म्हणण्याचं कारण, काउंटर नोटिफिकेशन हे तक्रारीला दिलेलं साधं उत्तर नाही. त्यात तुम्ही खोट्या शपथेच्या शिक्षेची जबाबदारी घेऊन लिहून देता की व्हिडिओ चुकीने किंवा भलत्याच ओळखीने काढला गेला. फॉर्ममध्ये मंडळाचं नाव चालत नाही. एका माणसाचं पूर्ण कायदेशीर नाव, राहण्याचा पत्ता आणि फोन लागतो, आणि ही सगळी माहिती कंपनीला जाते. भारतातून भरणारा माणूस त्यात हेही मान्य करतो की कंपनीने दावा लावला तर यूट्यूब ज्या भागात आहे तिथल्या अमेरिकन फेडरल कोर्टाचा अधिकार त्याला मान्य असेल. याचा अर्थ फॉर्म भरताच कोर्टाची तारीख लागते असा नाही. दावा लावायचा की नाही हे कंपनी ठरवते. फॉर्म कंपनीकडे गेल्यावर तिला १० अमेरिकन कामकाजाचे दिवस मिळतात. शनिवार, रविवार आणि तिथल्या सुट्ट्या सोडल्या की आपल्या कॅलेंडरवर साधारण दोन आठवडे. तेवढ्यात दावा लावल्याचा पुरावा तिने दिला नाही तर व्हिडिओ परत येतो आणि स्ट्राइक जातो. ज्याची बाजू निखळ आहे त्याने या फॉर्मला घाबरू नये. स्वतः बांधलेल्या चालीवर किंवा स्वतः लिहिलेल्या गाण्यावर कोणी स्ट्राइक मारला असता तर तुम्हाला आजच्या आज भरायला सांगितला असता.

तुमची बाजू निखळ नाही. काउंटर नोटिफिकेशन ‘अर्धं आमचं, अर्धं त्यांचं’ असं भरता येत नाही, ते अख्ख्या व्हिडिओसाठी असतं. पिसांची गोष्ट माहीत असताना ‘चुकीने काढला’ असं शपथेवर लिहिणं धोक्याचं आहे. म्हणून आत्ता फॉर्म भरू नका.

तुमच्यासाठी सरळ वाट रिट्रॅक्शनची आहे, म्हणजे कंपनीने आपली तक्रार स्वतः मागे घेण्याची. ती घेतली की स्ट्राइक जातो आणि व्हिडिओही परत उघडतो. YouTube Studio मध्ये Content उघडा, त्या व्हिडिओपुढच्या Restrictions रकान्यात Copyright दिसेल, तिथून See details मध्ये गेलात की तक्रार करणाऱ्याचं नाव आणि ईमेल मिळेल. मेल छोटा ठेवा. रागाचा शब्द नको, पण लांबलचक कबुलीजबाबही नको. ‘आम्ही तुमचं चोरलं’ असं लिहिलेला मेल उद्या तुमच्याच विरोधात कागद म्हणून उभा राहतो. काय काढून टाकू एवढंच लिहा:

‘महोदय, आमच्या व्हिडिओवर (इथे लिंक) आपण दिलेल्या तक्रारीसंबंधी लिहीत आहोत. व्हिडिओतील गायन व वादन आमच्या मंडळाचे आहे आणि अभंग संत तुकाराम महाराजांचा आहे. ९:१० ते १६:४० या भागात आपला हक्क शब्दांवर, चालीवर, वाद्यसंगीतावर की ध्वनिमुद्रणावर आहे, हे कृपया कळवावे. वाद्यसंगीताच्या भागास आपली हरकत असल्यास, आपण तक्रार मागे घेताच तो भाग आम्ही व्हिडिओतून कापून टाकू व पुन्हा प्रसारित करणार नाही. तक्रार मागे घेतल्याचे यूट्यूबकडे कळवावे, ही विनंती.’

खाली तुमचं नाव आणि चॅनलचं नाव. हाच मजकूर इंग्रजीतही जोडा, कारण हे मेल बघणारा माणूस मराठी असेलच असं नाही. शेवटचं वाक्य विसरू नका. कंपनीतल्या कोणी फोनवर ‘ठीक आहे, आमची हरकत नाही’ म्हटलं तर त्याने काहीच होत नाही, रिट्रॅक्शन यूट्यूबकडे पोचावं लागतं. उत्तरात परवान्याचे पैसे मागितले तर कोणत्या हक्काचे, किती वर्षांचे आणि कशासाठी, हे लेखी आल्याशिवाय रुपया देऊ नका. स्ट्राइक काढून देतो म्हणून चॅनलचा पासवर्ड मागणाऱ्या तिऱ्हाइताला तर दारातही उभं करू नका.

उत्तर दहा-बारा दिवसांत आलं नाही तर एकदा आठवण करा. तरीही शांतता असेल तर ९० दिवस जाऊ द्या. हा मंडळाचा पहिला स्ट्राइक असेल तर Copyright School नावाचा छोटा अभ्यास पूर्ण करावा लागतो. तो आजच उरका, कारण तो न करता नुसते दिवस मोजून स्ट्राइक संपत नाही. मुदत संपली तरी काढलेला व्हिडिओ मात्र परत येत नाही, एवढं लक्षात असू द्या. या काळात तोच पेटीवाला, तेच पीस असलेले चॅनलवरचे जुने व्हिडिओ एकेक करून ऐका. ज्यात ते आहेत तिथे Studio च्या Editor मधून तेवढा तुकडा Trim करा. व्हिडिओची लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात.

भारतीय कायद्यात वेगळा दरवाजा नाही का, असं मनात येईल. आहे. कॉपीराइट नियम, २०१३ प्रमाणे तक्रार आल्यावर संकेतस्थळाने मजकूर बंद ठेवायचा, पण तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. ‘करता येतो’ असंच नियमात आहे, ‘करावाच लागेल’ असं नाही, आणि यूट्यूब आपल्या पद्धतीने चालतं. शिवाय कोणी निराधार हक्क सांगून धमकावत असेल तर कलम ६० खाली आपणच कोर्टात जाऊन ती धमकी निराधार असल्याचं जाहीर करून मागता येतं. निखळ पारंपरिक चालीवर हक्क सांगून कंपनी वारंवार त्रास देत असेल तर नाशिकच्या वकिलाशी बोलताना या कलमाचं नाव घ्या. आजच्या तुमच्या प्रकरणाला ते लागू पडणार नाही, कारण पुन्हा तेच पीस आडवे येतात.

आणि अभंग पुन्हा टाकायचाच आहे, तर तो नव्याने गा. चाल पारंपरिक असल्याचा पुरावा हाती आला असेल तर तीच चाल ठेवा, नसेल तर फडावरच्या बुजुर्गांना विचारून दुसरी जुनी चाल घ्या. पेटीवाल्यांना सांगा की दोन चरणांमध्ये स्वतःचं काहीतरी वाजवा, नाहीतर नुसता टाळ-पखवाज चालू ठेवा. वारकरी भजनात तेही शोभतं. जुन्या बोटांना जुनेच पीस आपसूक येतात, म्हणून एकदा तालीम करून, मोबाइलवर मुद्रण करून कॅसेटशी ताडून बघा. आवाज मिक्सरमधून थेट घ्या म्हणजे आजूबाजूचा स्पीकर त्यात शिरणार नाही. अपलोड करताना व्हिडिओ आधी Private ठेवा आणि Checks ची पायरी पूर्ण होईपर्यंत थांबा. तिथे कॉपीराइटची खूण आली तर कोणत्या मिनिटाला आली ते पाहून तेवढा भाग त्याच वेळी कापता येतो, आणि गावाला दिसण्याआधीच प्रकरण मिटतं.